शके १८३४ की १८२४? विहिरीवरचा झिजलेला दगड वाचताना

माझ्या माहेरच्या गावठाणात, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यात, देवळामागे एक जुनी विहीर आहे. तिच्या कठड्यात काळ्या दगडाची एक पाटी बसवलेली आहे, दीड-पावणेदोन फूट रुंद. कोणीतरी आपल्या आईच्या स्मरणार्थ ही विहीर बांधली, एवढं गावात सगळ्यांना माहीत. कधी बांधली, ते मात्र विचारायचं नाही, कारण जितकी घरं तितकी उत्तरं. गेल्या दिवाळीनंतर देवस्थान समितीनं कठड्याची दुरुस्ती काढली आणि जुन्या पाटीखाली संगमरवराची नवी पाटी लावायचं ठरवलं. मजकूर कोण देणार? तर बैठकीत माझं नाव निघालं. कारण काय, तर मी 'शिकलेली' आणि माझ्या फोनचा कॅमेरा बरा आहे.

अशी पाटी मी आयुष्यात कधी वाचलेली नव्हती. पण आता पूर्ण झालंय, आणि आपल्याकडे प्रत्येक गावठाणात एखादी तरी अशी पाटी, समाधी किंवा पाणपोई असतेच, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

दगड आधी नुसता बघायला गेले तेव्हा डोळ्यांत भरला तो लाल ऑइलपेंट. केव्हातरी, बहुधा एखाद्या जीर्णोद्धाराच्या वेळी, रंगाऱ्यानं अक्षरं लाल रंगानं भरली होती. वरच्या ओळींचा रंग बराचसा उडालेला, पण खालचा आकडा ठळक: शके १८३४. त्याच्या पुढचा भाग रंगाऱ्यानं सोडूनच दिला होता. तिथे दगड नुसता करडा, खडबडीत दिसत होता. समितीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, म्हणाले, "साल तर दिसतंय की. अठराशे चौतीस अधिक अठ्ठ्याहत्तर, एकोणीसशे बारा. टाक लिहून."

टाकलं नाही, कारण रंग म्हणजे रंगाऱ्याचं वाचन. दगडावर काय कोरलंय ते वेगळं असू शकतं. रंगाऱ्याला जिथे खाच कळली नाही तिथे त्यानं अंदाजानं कुंचला फिरवलेला असतो, आणि पुढचे सगळे तो अंदाजच वाचत राहतात.

तेवढ्यात एक उत्साही मुलगा तारेचा ब्रश आणि फरशी धुवायचं ॲसिड घेऊन हजर झाला. त्याला थांबवायला थोडं गोड बोलावं लागलं. तारेच्या ब्रशानं खाचेच्या कडा जातात, आणि आपल्याला वाचायच्या असतात त्या कडाच. संगमरवर असता तर ॲसिडनं दगडच विरघळला असता. खडू किंवा पीठ घासून अक्षरं पांढरी करायची युक्तीही बरेच जण सांगतात. तीही नको. पीठ ओल धरतं, शेवाळ आणतं. आणि खडू आपण जिथे अक्षर आहे असं समजतो तिथेच घासला जातो, म्हणजे पुन्हा रंगाऱ्याचाच प्रकार. मी साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश वापरला, ब्रश चाळीस रुपयांचा. पावसाळ्यातलं वाळलेलं शेवाळ तेवढं काढलं. रंगाला हात लावला नाही.

पहिले फोटो सरळ समोरून, सकाळी नऊच्या उन्हात काढले. पाटी पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्या वेळी ऊन बरंचसं समोरून येतं. फोटो स्वच्छ आले आणि त्यात काहीच वाचता येईना. याचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. झिजलेल्या अक्षराला स्वतःचा रंग नसतो. खाच आणि तिच्या शेजारचा दगड दोन्ही सारखेच काळे. आपल्याला दिसते ती खाचेच्या एका काठाची सावली आणि दुसऱ्या काठावरचा उजेड. प्रकाश समोरून आला की सावली पडतच नाही, आणि फोनचा फ्लॅश तर भिंगाच्या शेजारूनच उडतो, म्हणून तो सगळ्यात निरुपयोगी. उजेड दगडाला घासून जायला हवा, पृष्ठभागापासून साधारण दहा ते पंधरा अंशांवरून. मग अर्धा मिलिमीटर खोल खाचही दोन-तीन मिलिमीटरची सावली टाकते.

पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला असा घासून जाणारा प्रकाश सूर्य मध्यान्हीच्या आधी देतो. आपल्याकडे फेब्रुवारीत खरी मध्यान्ह घड्याळात पावणेएकनंतर होते, म्हणजे बारा ते पाऊण ही वेळ. पण त्याच वेळी आमच्या विहिरीवर शेजारच्या तीन मजली घराची सावली असते. गावठाणात घरं किती खेटून आहेत ते तुम्हाला माहीत आहेच.

मग दोन वाटा उरल्या: रात्री टॉर्च, किंवा दिवसा आरसा.

रात्रीची वाट पालिकेच्या दिव्यानं अडवली होती. विहिरीसमोरच एलईडीचा खांब आहे आणि त्याचा उजेड थेट पाटीवर पडतो. टॉर्चची सावली त्यात धुऊन निघते. दिवा तासभर बंद करून मिळावा म्हणून १२ जानेवारीला विभाग कार्यालयात अर्ज दिला. आवक शिक्का मारलेली पोच घेतली, ती जपून ठेवा, पुढे तिच्याशिवाय कोणी बोलत नाही. आठवड्यानं गेले तर सांगितलं, विहिरीशी तुमचा काय संबंध, देवस्थानचं पत्र आणा. समितीचा लेटरहेड संपलेला, तो छापून येईपर्यंत आणखी काही दिवस. पत्र दिल्यावर कळलं की दिव्यांचं काम ठेकेदाराकडे आहे आणि तो "बघतो". कोणी वाईट वागलं नाही, पण 'दगड वाचायचाय म्हणून दिवा बंद करा' हे ज्याच्या टेबलावर गेलं तो आधी हसायचा आणि मग पुढच्या टेबलाकडे बोट दाखवायचा.

तोवर आरसा. आईच्या जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा निघाला होता, फूटभर रुंद, दीड फूट उंच. कडांना चिकटपट्टी लावली. भाच्याला तो घेऊन दहा-बारा फुटांवर, जिथे ऊन होतं तिथे, भिंतीच्या जवळजवळ रेषेत उभं केलं आणि कवडसा पाटीवरून तिरपा सोडायला लावला. पाटीवर आकाशाचा पसरलेला उजेड पडत असतो, तो सावल्या फिक्या करतो, म्हणून वर काळी छत्री आणि बाजूला गडद चादर धरली. हे महत्त्वाचं आहे. छत्री धरण्याआधी आणि धरल्यानंतर काढलेले फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळे दगड वाटतात. एक सावधगिरी: कवडसा कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. आमच्याकडे बघ्यांची गर्दी होती आणि भाच्याला कवडसा फिरवायची हौस.

फोन ट्रायपॉडवर (सातशे रुपयांचा, साधा), पाटीला समांतर. फोकस बोटानं दाबून कायम केला, टायमर लावला, आणि एचडीआर व नाइट मोड दोन्ही बंद केले. हे दोन मोड सावल्या उजळण्यासाठीच बनवलेले असतात आणि आपल्याला हव्यात त्या सावल्या. फोन जागचा हलवायचा नाही, फक्त उजेड हलवायचा. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे नावं दिली: उजेड डावीकडून तर `vihir_09.jpg`, वरून तर `vihir_12.jpg`. नंतर एकावर एक ठेवून पाहता येतात. आणि फोटो कोणाला पाठवायचे तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि बारीक सावल्या पहिल्यांदा जातात.

डावीकडून कवडसा आला आणि पाटीवर काठ्याच काठ्या उभ्या राहिल्या. सगळे काने, सगळ्या उभ्या रेघा लख्ख. शिरोरेषा मात्र गायब. वरून उजेड टाकल्यावर उलटं झालं: शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसली, उकार दिसले, आणि काने नाहीसे झाले. उजेड ज्या दिशेनं येतो त्याच दिशेनं धावणाऱ्या खाचेला सावली पडत नाही, एवढंच कारण. पण देवनागरीच्या बाबतीत याचा परिणाम फार होतो, कारण आपली लिपी उभ्या कान्यावर आणि आडव्या शिरोरेषेवरच उभी आहे. एकाच दिशेचा फोटो असेल तर 'पा' आणि 'प', 'र' आणि 'रा' यांत ठामपणे बोलूच नये. मला कोणी पाटीचा एकच फोटो पाठवला तर मी आता आधी विचारते, उजेड कुठून होता.

खालून टाकलेला उजेड वेगळाच घोळ घालतो. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते, त्यामुळे खालून प्रकाश आला की कोरलेली अक्षरं उठावाची वाटतात. फोटो उलटा फिरवून पाहिला की भ्रम जातो.

वरच्या चार ओळी दोन दिशांचे फोटो मिळून बऱ्याच सुटल्या. 'ही विहीर', मग बांधणाऱ्याचं नाव आणि 'पाटील यांनीं', मग 'आपली मातुश्री कै॥' आणि आईचं नाव, मग 'हिचे स्मरणार्थ बांधिली'. नावं इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. 'यांनीं'वरचे दोन अनुस्वार बघून समितीतले एक सर म्हणाले की कोरणाऱ्यानं चूक केली. चूक नाही, त्या काळी तसंच लिहीत. उलट आपण वाचताना आजच्या शुद्धलेखनानं दुरुस्त करत गेलो तर जे कोरलंय ते हुकतं.

अनुस्वारांनी मात्र खरा त्रास दिला. आपला सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचा, त्यात वायूच्या बुडबुड्यांची बारीक भोकं असतात. अर्ध्या पाटीवर अनुस्वार पसरल्यासारखे दिसत होते. ओळखायची खूण फोटो पुढे-मागे करताना सापडली. छिन्नीनं मारलेलं टिंब उथळ असतं. उजेड डावीकडून उजवीकडे नेला की त्याच्या आतली सावली बाजू बदलते. बुडबुड्याचं भोक खोल असतं, ते कुठूनही उजेड टाका, काळंच राहतं. तिसरा प्रकार डागांचा, तेलाचे, शेंदराचे. ते उजेड कसाही फिरवला तरी तसूभर बदलत नाहीत. लाल रंगालाही हाच नियम लागू होतो.

आता पाचवी ओळ. 'शके १८', मग वादग्रस्त आकडा, मग शेवटचा. शेवटचा ४ हा डावीकडच्या उजेडात स्पष्ट होता, वर उघडे दोन हात आणि खाली गाठ. त्याच्या आधीचा रंगाऱ्यानं ३ केलेला. २ आणि ३ मध्ये फरक तो काय, मधला एक टोक आलेला बाक. तो बाक तिथे दिसत तर होता.

पण त्या पुढे, रंगाऱ्यानं सोडलेल्या भागात, वरच्या उजेडात 'कृत' अशी दोन अक्षरं उमटली आणि त्यानंतर 'नाम सं'. पुढच्या ओळीत 'वत्सरे माघ शु॥ ५'. म्हणजे संवत्सराचं नाव दिलेलं आहे आणि ते 'कृत'नं संपतं. हे कळलं आणि मी त्या रात्री पंचांग काढून बसले.

साठ संवत्सरांची यादी पंचांगात असते, प्रभवपासून क्षयपर्यंत. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवायचे आणि ६० नं भागायचं. उरेल तो यादीतला क्रमांक, शून्य उरलं तर साठावा. घरातल्या पंचांगावर तपासून पाहिलं: शके १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, बाकी ३९, एकोणचाळिसावा विश्वावसु. पंचांगावर तेच. उत्तरेकडची संवत्सरं वेगळ्या गणितानं चालतात, तिकडच्या लेखाला हे लावू नका.

मग शके १८३४: अधिक १२ म्हणजे १८४६, बाकी ४६, परिधावी. 'कृत' नाहीच. रंगाऱ्याचं साल तिथेच बाद झालं, अजून दगडाकडे नीट न पाहताच. 'कृत'नं संपणारी नावं माझ्या यादीत दोनच, छत्तिसावा शुभकृत आणि पंचेचाळिसावा विरोधकृत. सदतिसाव्या शोभनला काही याद्यांत शोभकृत म्हणतात, पण तो शके १८२५ ला येतो आणि शेवटचा आकडा ५ सारखा दिसत नाही. शके १८२४ ला शुभकृत येतो. आणि विरोधकृत शके १८३३ ला. हा दुसरा मला छळत राहिला, कारण शेवटचा आकडा ४ ऐवजी ३ असेल तर रंगाऱ्याचा मधला ३ बरोबर ठरतो. म्हणजे गणितानं दोन उमेदवार दिले, निवड दगडावरच करायची होती.

दिवा एकदाचा बंद झाला तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी अचानक आला, "मॅडम, एक तास," म्हणाला आणि खांबाशीच मोबाइल बघत बसला. साडेपाचशेची टॉर्च होती. ती पाटीच्या जवळ धरली तर जवळची बाजू पांढरी फटक होते आणि लांबची काळोखात जाते, म्हणून पाटीच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट अंतरावर, सहा फुटांवर धरायची. भाच्याच्या हातात सहा फुटांची सुतळी दिली, तिचं दुसरं टोक पाटीच्या मध्याशी धरलं, म्हणजे दिशा बदलली तरी अंतर बदलत नाही. फोटो काढताना सुतळी सोडायची. घड्याळाच्या बाराही दिशांनी घेतले, आणि त्या एका आकड्याचे जवळून वेगळे.

आकडा असा सुटला. कोरलेल्या खाचेला दोन भिंती असतात. उजेड डावीकडून असताना उजवी भिंत उजळते आणि डावी सावलीत जाते. उजवीकडून टाकला की अदलाबदल होते. वरच्या बाकाची तशी होत होती, खालच्या शेपटाचीही होत होती. मधल्या टोकाची होत नव्हती. तिथे एकाच बाजूला कड होती, वेडीवाकडी, आणि दुसरी बाजू नुसती उतरत दगडात मिसळलेली. तो टवका उडालेला होता. रंगाऱ्यानं टवक्यात रंग भरला आणि २ चा ३ झाला.

'कृत'च्या आधीची अक्षरं एवढी सरळ निघाली नाहीत. तिथे झीज जास्त आहे. 'भ' आणि 'ध' दोघांचीही डावी बाजू गाठीची आणि उजवीकडे काना, या अवस्थेत नुसत्या आकारावरून मी शपथ घेणार नाही. पण आकडा आणि 'कृत' यांच्यामध्ये जागा दोनच अक्षरांची आहे, 'विरोध' तिथे मावत नाही. वरून उजेड टाकला तर शिरोरेषेच्या वर काही नाही, ना वेलांटीची कमान, ना मात्रा. पहिल्या अक्षराच्या पायाशी मात्र एक वळलेली खाच आहे, सावली बाजू बदलणारी. तो उकार. शु-भ-कृत.

आता इसवी सन. अण्णांनी लगेच १८२४ मध्ये ७८ मिळवून १९०२ केलं. पण तिथी माघाची आहे. शक चैत्रात बदलतो आणि माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर इंग्रजी वर्ष पुढे गेलेलं असतं. म्हणून ७९ मिळवायचे: १९०३ ची सुरुवात. माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंत पंचमी, हे एका आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणून विहिरीची पूजा तेव्हा करतात होय!" त्यांच्या सासूबाई करायच्या म्हणे, कारण कोणी सांगितलं नव्हतं.

समितीला वाचन लिहून दिलं ते ओळीला ओळ जुळवून, जसंच्या तसं. जी अक्षरं दिसत नाहीत पण संदर्भानं ठरतात ती चौकोनी कंसात: शके १८२४ शु[भ]कृत नाम सं-. खाली आणखी एक ओळ असावी, शिरोरेषेचा तुकडा दिसतो, पण कठड्याच्या जुन्या दुरुस्तीचं सिमेंट तिच्यावर चढलंय. ते फोडायचं नाही असं मी सुचवलं आणि समितीनं मान्य केलं; सिमेंटबरोबर अक्षरांचा पापुद्राही निघतो. त्या ओळीच्या जागी कागदावर 'एक ओळ सिमेंटखाली' एवढंच लिहिलं.

नव्या पाटीवर कंस नकोत असं अण्णांचं म्हणणं पडलं, लोक विचारत बसतील. तिथे मी वाद घातला नाही, कारण मूळ दगड जागेवरच राहणार आहे आणि कंसांसकटचा कागद समितीच्या फाइलमध्ये आहे. कोरणाऱ्यानं अक्षराला वीस रुपये घेतले, जोडाक्षराला वेगळा दर लावायचा त्याचा प्रयत्न होता, तो अण्णांनी हाणून पाडला. कोरण्याआधी त्यानं पेन्सिलीनं आखलेल्या मजकुराचा फोटो मागवून घ्या. आमच्याकडे त्यानं 'यांनीं' चं 'यांनी' केलं होतं. बाराही फोटो एका पेनड्राइव्हवर देवस्थानच्या कपाटात ठेवलेत, सोबत उजेडाच्या दिशा लिहिलेला कागद. उद्या कोणाला माझं वाचन पटलं नाही तर त्यानं `vihir_03.jpg` आणि `vihir_09.jpg` शेजारी ठेवून तो आकडा स्वतः बघावा.